बोलून भाव शोधताना : एका कांदा उत्पादकासोबतच्या प्रकल्प नोंदी

३ जुलै

ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी आम्हा कृषिकन्यांना गावं वाटून दिली. माझ्या वाट्याला निफाड तालुक्यातली विंचूरजवळची वस्ती आली. ज्यांच्याकडे काम करायचं त्या शेतकऱ्यांना सगळे नाना म्हणतात, म्हणून मीही नानाच म्हणते. अडीच एकर उन्हाळ कांदा त्यांनी एप्रिलमध्ये काढला. थोडा तेव्हाच विकला आणि दीडशे क्विंटलच्या आसपास कांदाचाळीत भरून ठेवला. आता प्रश्न रोज एकच : आज काढायचा की थांबायचं, आणि न्यायचा तर कुठे?

भाव नानांना तीन वाटांनी कळतो. शेजाऱ्याचा फोन, पिकअपवाला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा फोटो. तिन्हींत दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावं लागतं. फोन चांगला आहे, पण जोडाक्षरं टाइप करणं त्यांना जमत नाही. वाचता मात्र नीट येतं, आकडे तर झरझर. म्हणून प्रकल्पाचा विषय ठरला तो असा : नानांनी फोनला मराठीत विचारायचं, आलेला भाव तपासायचा आणि त्यावर विक्रीचा निर्णय घेता येतो का ते पाहायचं.

आज फक्त फोनची भाषा बघितली. बोलण्याची भाषा इंग्रजी होती. सेटिंगमध्ये जाऊन मराठी जोडली. हे केल्याशिवाय फोन मराठी बोलणं इंग्रजी शब्दांत कोंबायला बघतो आणि काहीतरी भलतंच लिहितो. कोणाच्याही फोनवर सुरुवात इथूनच करावी.

४ जुलै

नानांनी पहिला प्रश्न त्यांच्या नेहमीच्या बोलीत विचारला, "उन्हाळ कांदा काय चालला?" पडद्यावर उमटलं 'उन्हाळा कांदा' आणि खाली आलं उन्हाळ्यात कांदा खाण्याचे फायदे. मग त्यांनी चांदवडचा भाव विचारला, तर चांदीचा भाव आला. विंचूर म्हटलं तर विंचू चावल्यावर काय करावं याची माहिती. नाना हसले नाहीत. "ह्याला आपली गावं ठावं नाहीत," एवढंच म्हणाले.

त्यांचं म्हणणं बरोबर आहे आणि त्यामागे कारणही आहे. बोललेला आवाज शब्दांत उतरवताना यंत्र फक्त कानावर पडलेलं मोजत नाही. आवाजाशी जुळणाऱ्या शब्दांपैकी लोक एकत्र जास्त वापरतात असे कोणते, तेही ते पाहतं. 'चांदी' आणि 'भाव' हे शब्द लाखो लोक सोबत बोलतात, 'चांदवड' आणि 'भाव' त्या मानाने थोडे. आवाज जरा अस्पष्ट आला की जास्त वापरातला शब्द बाजी मारतो. लासलगावचं नाव मात्र पहिल्याच दमात बरोबर आलं, कारण ते बातम्यांमध्ये सारखं येतं. छोट्या बाजारांच्या शेतकऱ्यांना हा त्रास जास्त होणार, हे आजच नोंदवून ठेवते.

७ जुलै

उपाय सापडला तो साधा आहे. गावाच्या नावानंतर लगेच 'बाजार समिती' म्हणायचं. "चांदवड बाजार समिती कांदा भाव" म्हटल्यावर चांदी पडद्यावरून गेली. 'बाजार समिती'च्या आधी बहुतेक गावाचं नाव येतं, त्यामुळे यंत्राला योग्य शब्द निवडायला आधार मिळतो. 'काय चालला' हे बाजारात सगळ्यांना कळतं, पण भावाच्या पानांवर ते कुणी लिहीत नाही, म्हणून शोधताना 'भाव' किंवा 'बाजारभाव'च बरा. 'उन्हाळ'च्या जागी 'उन्हाळी' म्हणायचं, कारण पणन मंडळाच्या तक्त्यात कांद्याची जात 'उन्हाळी' अशीच लिहिलेली असते.

दुसरी अडचण नानांच्या बोलण्याच्या लयीची होती. ते विचार करत बोलतात. "लासलगाव..." म्हणून थांबतात, मग "कांदा" म्हणतात. तेवढ्या थांब्यात फोन बोलणं संपलं असं समजून शोधायला लागतो आणि लासलगावचा नकाशा दाखवतो. आता ते आधी मनात वाक्य जुळवतात, मग माइकच्या चिन्हावर बोट ठेवतात आणि एका श्वासात बोलतात. विहिरीवरची मोटार चालू असली तर घराच्या आतल्या बाजूला येऊन बोलायचं. वाऱ्याचा आवाज मोटारीपेक्षाही वाईट, तो थेट माइकवर आदळतो.

८ जुलै

आज पहिल्यांदा नानांच्या चेहऱ्यावर आनंद दिसला, पण तो टिकला नाही. विचारलं आजच्या भावाचं, आणि सगळ्यात वर एक व्हिडिओ आला : 'आजचे कांदा बाजारभाव', चार हजारांच्या वर. नाना उठून चाळीकडे निघालेच होते. व्हिडिओच्या खाली बारीक अक्षरांत तारीख होती, गेल्या वर्षीच्या सप्टेंबरची. तेव्हा भाव खरोखर तेवढा होता. व्हिडिओ टाकणाऱ्याने खोटं काही लिहिलेलं नाही, त्याच्यासाठी तो 'आज'च होता. पण शीर्षकातला 'आज' कधी जुना होत नाही. जास्त लोकांनी पाहिलेला व्हिडिओ वर राहतो, आणि चढ्या भावाचे व्हिडिओ लोक जास्त पाहतात. त्यामुळे जुना चढा भाव पुन्हा पुन्हा समोर येण्याचा संभव वाढतो. सध्याचा भाव चौदाशे-पंधराशेच्या घरात आहे, म्हणजे फरक तिपटीजवळ गेला.

आता नियम असा केला की 'आजचा' म्हणण्याऐवजी तारीख आणि महिना बोलायचा, "आठ जुलै लासलगाव बाजार समिती कांदा भाव". आणि आकडा पाहण्याआधी तारीख पाहायची. नाना तारीख मोठ्याने वाचतात, मग भाव.

वेळेचंही कळलं. लासलगावला लिलाव सकाळच्या आणि दुपारच्या सत्रांत होतात आणि आकडे त्यानंतर भरले जातात. पहाटे सहाला विचारलं तर कालचाच भाव मिळणार. त्यात चूक काही नाही, पण ट्रॉली भरून निघणाऱ्याने ते ध्यानात ठेवायला हवं. दुपारी मिळालेल्या आकड्यात पूर्ण दिवस असेलच असं नाही.

१३ जुलै, रविवार

बाजार बंद. फोनने शनिवारचा भाव दाखवला. नानांनी स्वतःच तारीख पकडली.

१६ जुलै

आज एकक. नानांच्या मेहुण्यांचा ओतूरहून फोन आला, "आमच्याकडं एकशे सत्तर चाललाय." नानांनी ते ऐकून फोनला विचारलं, तर एका बातमीतही जुन्नर भागातल्या कांद्याचा भाव असाच तीन आकडी. नानांच्या पत्नी, ज्यांना मी काकू म्हणते, म्हणाल्या, "एवढा पडला?"

पडला नव्हता. जुन्नर, ओतूर, मंचर या पट्ट्यात कांद्याचा भाव दहा किलोला बोलतात. एकशे सत्तर म्हणजे क्विंटलला सतराशे. लासलगाव-पिंपळगावला बोली क्विंटलची. नाशिकचा माणूस तिकडची बातमी ऐकतो तेव्हा एकक त्याच्या कानावर पडतच नाही, कारण तिकडच्यांना ते सांगण्याची गरज वाटत नाही. शासनाच्या तक्त्यात कांद्याचा भाव क्विंटलमध्येच उतरवलेला असतो, म्हणून एकाच बाजाराचे दोन आकडे दोन ठिकाणी दहा पटींच्या फरकाने दिसू शकतात. जातीचा रकाना पाहिला तर तिथेही 'चिंचवड' लिहिलेलं होतं. नानांना वाटलं हे पुण्याजवळचं चिंचवड. ते कांद्याच्या जातीचं नाव आहे आणि जुन्नर भागाच्या तक्त्यात नेहमी दिसतं.

२१ जुलै

या प्रकल्पात सगळ्यात जास्त वेळ आज गेला आणि तो जायलाच हवा होता.

बोलून विचारल्यावर फोन कधी कधी एकच आकडा मोठ्याने वाचून दाखवतो. नानांना ते आवडतं, कारण डोळ्यांना त्रास नाही. पण तक्त्यात आकडे तीन असतात : कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर. फोनने वाचलेला यातला कोणता, ते कळायला मार्ग नाही. बातमीतून उचललेला असेल तर बहुतेक वेळा जास्तीत जास्त, कारण मथळ्यात तोच घालतात.

आज नाना हटून बसले होते, सोलापूरलाच माल न्यायचा. फोनने सोलापूरचा भाव चोवीसशे सांगितला होता आणि लासलगावचा चौदाशे पन्नास. दोन्ही ठिकाणचा पूर्ण तक्ता उघडला. खालचे आकडे मी हिशेबासाठी गोल केले आहेत. लासलगाव : कमीत कमी ५००, जास्तीत जास्त १९००, सर्वसाधारण १४५०. सोलापूर : कमीत कमी १००, जास्तीत जास्त २४००, सर्वसाधारण १२००.

नानांनी तो तक्ता बराच वेळ पाहिला. मग त्यांनीच मला समजावलं, आणि माझ्या पुस्तकात ते इतकं स्पष्ट नाही. चोवीसशे हा एखाद्या वकलाचा भाव. वक्कल म्हणजे लिलावात एकत्र बोली लागणारा एका शेतकऱ्याचा माल. त्या वकलात कांदा एकसारखा, मोठा, रंगाला पक्का, सालपट न सुटलेला असणार. शंभर हा खादीचा, म्हणजे सडका-डागी माल. दोन्ही आकडे खरे आहेत, पण नानांचा कांदा दोन्हींपैकी नाही. बाजारात आलेल्या मालातला जास्तीत जास्त माल ज्या भावाच्या आसपास विकला गेला तो सर्वसाधारण दर. आपला कांदा मध्यम असेल तर त्याच्याशीच ताडायचं. सोलापूरला किमान आणि कमाल यांत एवढी दरी आहे याचा अर्थ तिथे निवडीला फार किंमत आहे, आणि निवड नसलेल्या मालाला तिथे मार बसतो.

२३ जुलै

सोलापूरचा हिशेब तरीही पूर्ण केला, नाहीतर मनातून जाणार नाही. लासलगाव-विंचूरला कांदा खुला, ट्रॉलीत किंवा पिकअपमध्ये सुटा नेतात आणि लिलाव गाडीवरच होतो. सोलापूरला गोणीत भरून न्यावा लागतो. म्हणजे बारदान, भरण्याची मजुरी, तीनशे किलोमीटरच्या वरचं भाडं, आणि मुक्काम. हे सगळं क्विंटलवर वाटलं की सोलापूरचा भाव लासलगावपेक्षा बराच जास्त असायला हवा, तरच परवडेल. इथे तर सर्वसाधारण दर अडीचशेने कमी. चर्चा संपली.

पिंपळगाव बसवंतचा हिशेब मात्र खरा अवघड होता. त्या दिवशी तिथला सर्वसाधारण दर लासलगावपेक्षा शंभराने वर होता. वीस क्विंटलच्या गाडीला दोन हजार जास्त मिळतील. लासलगावला पिकअपवाला नऊशे घेतो, पिंपळगावला दोन हजार मागतो. अकराशे जास्तीचं भाडं वजा जाता नऊशे उरतात. पण हा शंभराचा फरक कालचा आहे. उद्या तो पन्नासवर आला तर वीस क्विंटलला हजार जास्त मिळणार आणि अकराशे भाड्यात जाणार, म्हणजे पदरचे शंभर. नाना म्हणाले, "फरक तीन दिवस टिकला तर बघू." म्हणून दोन्ही बाजारांचा सर्वसाधारण दर रोज वहीत मांडायचं ठरलं. एका दिवसाचा आकडा फोन देतो, तो टिकतो का हे वहीच सांगते.

फरक टिकला नाही.

३० जुलै

काकूंनी आज फोन हातात घेतला. त्यांना वाचायला फारसं येत नाही, पण चाळीतली निवड त्याच करतात, म्हणून त्यांचा प्रश्न नानांपेक्षा बारीक होता, "गोल्टी कांद्याचा भाव काय?" फोनने गोल्टी ओळखलं नाही, 'गोल्डी' लिहिलं. 'लहान कांदा' म्हणून विचारलं तर सांबारात घालतात त्या छोट्या कांद्यांची माहिती आली. शासकीय तक्त्यात लासलगावच्या उन्हाळी कांद्याला एकच ओळ असते आणि गोल्टी, मध्यम, खाद सगळं त्या एका ओळीच्या किमान-कमालमध्ये मिसळलेलं असतं. बोलून शोधण्याची ही हद्द आहे. जे लिहिलेलंच नाही ते कितीही नीट विचारलं तरी मिळणार नाही. गोल्टीचा भाव अजून तरी बाजारात उभ्या असलेल्या माणसालाच विचारावा लागतो. काकूंनी आपल्या भावाला फोन लावला आणि नऊशे हे उत्तर मिळवलं.

त्यावरून निवडीचा विचार निघाला. सरसकट न्यायचा की निवडून?

४ ऑगस्ट

विक्री झाली. निवडलेला मध्यम कांदा १८ क्विंटल, लासलगावला १६१० भावाने गेला. गोल्टी ४ क्विंटल निघाली, ती शेजारच्या दोघांच्या गोल्टीसोबत एका पिकअपमध्ये घातली, तिला ९०० मिळाले. त्या दिवशीचा सर्वसाधारण दर १४५०च्या आसपासच होता.

हिशोबपट्टी समोर ठेवून नाना, काकू आणि मी बसलो. मध्यमचे २८,९८०, गोल्टीचे ३,६००, मिळून ३२,५८०. बावीस क्विंटलवर वाटले तर सरासरी १४८१ पडते. म्हणजे फोनने सांगितलेल्या सर्वसाधारण दराच्या अगदी जवळ. शेजाऱ्यांनी त्याच सकाळी सरसकट कांदा १३०० ने दिला. त्यांच्यासारखा दिला असता तर बावीस क्विंटलचे २८,६०० झाले असते. फरक ३,९८० चा. निवडीला तीन बायकांची मजुरी बाराशे गेली, तरी पावणेतीन हजार जास्त राहिले. काकूंचं काम त्यात धरलेलं नाही, आणि ते धरायला हवं असं मी नानांना स्पष्ट सांगितलं. त्यांनी वहीत चौथी मजुरी लिहिली, चारशे. उरले २,३८०.

हमाली, तोलाई यांच्या कपाती वेगळ्या नोंदवल्या. पट्टीवर अडत लावलेली नाही ना, तेही पाहिलं. फळं-भाजीपाल्याची अडत २०१६ पासून शेतकऱ्याकडून घ्यायची नाही, खरेदीदाराकडून घ्यायची, असा राज्याचा नियम आहे. नाना म्हणाले, हे कुणी सांगत नाही, पट्टी वाचली तरच दिसतं.

१२ ऑगस्ट

चाळीतल्या बाकी मालाचं काय? नानांना वाटतं दिवाळीपर्यंत भाव वाढेल. वाढेल की नाही हे मला सांगता येत नाही आणि फोनलाही नाही. 'कांदा भाव वाढणार का' विचारलं तर दोन्ही बाजूंचे छातीठोक अंदाज एकाखाली एक येतात. तो प्रश्न विचारायचाच नाही असं ठरवलं.

त्याऐवजी विचारायचा प्रश्न वेगळा : किती वाढला तर थांबणं परवडेल? चाळीत कांदा वजनाने घटतो, काही सडतो, काहीला मोड येतो. पावसाळी दमट हवेत घट जास्त. महिन्याला शंभरातले आठ किलो जातील असं धरलं तर आजच्या १४५० ची बरोबरी करायला महिन्याने १५७६ भाव मिळायला हवा, कारण विकायला ९२ किलोच उरतात. आठ हा माझा अंदाज नाही, नानांनी चाळीच्या एका कप्प्यातला माल उपसून वजन केलं त्यावरून काढला. दुसऱ्याच्या चाळीत तो पाच असेल किंवा बारा. चाळीत खालून हवा किती खेळते, थर किती उंच आहे आणि कांदा नीट सुकवून भरला होता का, यावर ते ठरतं.

नानांनी निम्मा माल दर आठवड्याला थोडा थोडा काढायचं ठरवलं आणि निम्मा ठेवायचं.

२२ ऑगस्ट

नानांच्या पुतण्याचा टोमॅटो सुरू झाला. तो पिंपळगावला जातो. नानांनीच त्याला फोनवर विचारून दाखवलं, "बावीस ऑगस्ट पिंपळगाव बसवंत बाजार समिती टोमॅटो भाव." 'बसवंत' त्यांनी आठवणीने घातलं, कारण पिंपळगावं पुष्कळ आहेत. एका ठिकाणी चारशे आलं, दुसऱ्या ठिकाणी दोन हजार. पुतण्या म्हणाला, दोन्हीतलं एक खोटं आहे. नाना म्हणाले, "थांब. एक कॅरेटचा असंल."

तसंच होतं. पिंपळगावला टोमॅटोचा लिलाव वीस किलोच्या कॅरेटवर होतो. पाच कॅरेट म्हणजे क्विंटल, चारशे गुणिले पाच दोन हजार. दोन्ही आकडे एकाच भावाचे.

पुढची अडचण कोथिंबिरीची आहे. तिचा लिलाव जुड्यांच्या शेकड्यावर होतो आणि तक्त्यात एककाच्या जागी 'नग' लिहिलेलं दिसतं. जुडी केवढी हे तर कुठेच लिहिलेलं नाही. पुतण्याचा अर्धा एकर कोथिंबिरीचा प्लॉट पुढच्या आठवड्यात काढायला येईल. तोपर्यंत नाशिकच्या बाजारात जाऊन जुडीचं वजन स्वतः करून यायचं आहे. काटा काकू देणार आहेत.